डिव्हिडंड १० टक्के, रिबेट २ टक्के, मग जास्त पैसे कोणाला?

आमच्या ग्राहक भांडाराचा हिशेब मी बघतो, पगारी नाही, असंच कोणीतरी बघायला पाहिजे म्हणून. दरवर्षी सर्वसाधारण सभा झाली की एक प्रश्न ठरलेला: "अहो, माझे शेअर्स पाच हजारांचे, त्या काकूंचे पाचशेचे, आणि पैसे त्यांना जास्त कसे?" गंमत म्हणजे विचारणारा चिडलेला असतो आणि हिशेब बरोबर असतो.

घोळ असा की डिव्हिडंड आणि रिबेट दोन्ही एकाच नफ्यातून निघतात आणि बरेचदा एकाच दिवशी खात्यात पडतात, त्यामुळे लोकांना ते एकच वाटतं. पण डिव्हिडंड तुम्ही शेअर्समध्ये किती पैसे घातलेत त्यावर मिळतो, आणि रिबेट वर्षभरात दुकानातून किती माल घेतलात त्यावर. आणि संस्थेत ठेव ठेवली असेल तर तिचं व्याज हे तिसरंच प्रकरण, तो संस्थेचा खर्च, नफा काढायच्या आधीच वजा होतो. ठेवीवर डिव्हिडंड मागायला येणारेही असतात.

आता आकडे घेऊ, समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. निव्वळ नफा १,६०,००० रुपये. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, म्हणजे ४०,००० गेले. बाकीच्या निधींना धरा २०,०००. उरला एक लाख. भाग भांडवल चार लाखांचं आहे, सभेने १० टक्के डिव्हिडंड मंजूर केला, म्हणजे ४०,०००. (१५ टक्क्यांच्या वर जायचं तर निबंधकांची आधी परवानगी लागते, त्यामुळे कोणी सभेत उठून २५ टक्के द्या म्हणालं तरी असं लगेच देता येत नाही.) राहिलेले ६०,००० रिबेटला. सभासदांची वर्षाची खरेदी ३० लाख, म्हणून दर पडला २ टक्के.

आपल्या चिडलेल्या काकांचे शेअर्स ५,००० चे, म्हणून डिव्हिडंड ५००, पण वर्षभरात खरेदी फक्त १२,००० ची कारण बाकी सगळं मॉलमधून, म्हणून रिबेट २४०, एकूण ७४०. काकूंचे शेअर्स ५०० चे, डिव्हिडंड जेमतेम ५०, पण महिन्याचा किराणा सगळा इथून, खरेदी ६०,०००, रिबेट १,२००, एकूण १,२५०. रिबेटचा टक्का लहान दिसतो पण तो लागतो मोठ्या रकमेवर, इथेच सगळे फसतात.

आणि हे काही आमच्या कमिटीचं डोकं नाही. इंग्लंडात रॉचडेलला १८४४ मध्ये विणकर वगैरे मंडळींनी दुकान काढलं तेव्हापासूनचं हे गणित आहे, भांडवलाला ठरलेलं मर्यादित व्याज आणि उरलेला नफा ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात. तिथले लोक या खरेदीवरच्या परताव्यालाच 'डिव्ही' म्हणत, म्हणजे आपण ज्याला रिबेट म्हणतो त्यालाच त्यांनी डिव्हिडंडचं नाव दिलं! त्यामुळे इंग्रजी वाचून आलेला सभासद सभेत आणखी गोंधळ घालतो तो वेगळाच.

हिशेब चुकतो तो दोन ठिकाणी. एक, वर्षाच्या मधे घेतलेले शेअर्स. आमच्याकडे महिन्यांप्रमाणे डिव्हिडंड देतात, १ ऑक्टोबरला कोणी २,००० भरले तर ३१ मार्चपर्यंत सहा महिने होतात, म्हणून २०० नाही, १००. पूर्ण वर्षाचा लावला की ४०,००० पुरत नाहीत. वरची भाग भांडवलाची रक्कमही मी अशी महिन्यांचा हिशेब करूनच धरली आहे.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती लवकर दिसत नाही. भांडाराची एकूण विक्री ४० लाख आहे, त्यातली दहा लाखांची बिगर-सभासदांना. नवीन क्लार्कने ६०,००० ला ४० लाखांनी भागलं, दर आला दीड टक्का, काकूंना १,२०० ऐवजी ९०० गेले, आणि वाटप संपल्यावर १५,००० शिल्लक! तो खूश, मी मात्र रात्री परत बसलो. भागायचं ते फक्त सभासदांच्या खरेदीने. सगळ्या सभासदांच्या रिबेटची बेरीज करा, मंजूर रकमेपेक्षा दोन-पाच रुपये इकडे तिकडे झाले तर ते पैसे राउंड केल्यामुळे, हजारांत फरक आला तर दरच चुकलाय.

बिलावर सभासद नंबर टाकला नाही तर मात्र माझ्याकडे येऊन उपयोग नाही, ती खरेदी बिगर-सभासदांच्या दहा लाखांत जाऊन बसते. काकांची निम्मी बिलं तशीच निघाली, मुलगा नंबर न सांगताच सामान आणायचा.