क्रेन ऑपरेटरचे प्रमाणपत्र आणि ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द : पार्श्वभूमी

प्रमाणपत्रावर ‘मान्यताप्राप्त’ असे छापलेले असले की मान्यता नेमकी कशाला आहे हे सहसा कुणी विचारत नाही. मराठीत या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात. संस्था सरकारदरबारी नोंदलेली आहे, अभ्यासक्रम कुठल्या तरी मंडळाला जोडलेला आहे, प्रशिक्षण केंद्राची तपासणी झालेली आहे, हे सगळेच ‘मान्यताप्राप्त’. प्रमाणन कार्यक्रमाच्या मान्यतेचा, म्हणजे अॅक्रेडिटेशनचा, अर्थ मात्र अरुंद आहे. माणसाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची एखाद्या संस्थेची पद्धत तिसऱ्याच, स्वतंत्र संस्थेने तपासली, आणि पुढेही ठरावीक काळाने तपासत राहिली, एवढाच तो अर्थ.

ही तपासणी प्रश्नांच्या काठिण्याची नसते. तपासले जाते ते वेगळेच. प्रमाणपत्र ज्या कामाचे, ते काम करणारी माणसे रोज प्रत्यक्ष काय करतात याची पाहणी करून परीक्षा बेतली आहे का? उत्तीर्णतेची रेषा कुणी आणि कोणत्या आधारावर ठरवली? दोन परीक्षकांनी एकाच उमेदवाराला जवळपास सारखे गुण दिले असते का? नापास झालेल्याला दाद मागता येते का? आणि शिकवणी घेणारेच परीक्षा घेत असतील तर निकालावर त्याचा परिणाम होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे? माणसांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी युरोपात १९८९ मध्ये पहिले मानक आले, २००३ मध्ये आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि २०१२ मध्ये ते सुधारले गेले. अमेरिकेत याला समांतर अशी दुसरी परंपराही आहे.

मालकांना याची फिकीर कशी लागली हे समजायला अमेरिकेतील क्रेनचा नियम पुरेसा आहे. ऑगस्ट २०१० मध्ये तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याने बांधकामावरील क्रेनसाठी नवे नियम काढले. ऑपरेटरकडे प्रमाणपत्र हवे, आणि ते मान्यता असलेल्या परीक्षा संस्थेचे हवे, हा मुख्य मार्ग ठरला. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे. अंमलबजावणीसाठी नोव्हेंबर २०१४ ही तारीख होती.

वाद उठला तो एका शब्दावरून. प्रमाणपत्र क्रेनच्या ‘प्रकार आणि क्षमते’नुसार असावे, असे नियमात लिहिले होते. पण काही मान्यताप्राप्त संस्था फक्त प्रकारानुसार प्रमाणपत्र देत होत्या. त्यांची मान्यता पक्की होती, परीक्षा पक्की होती, तरी त्यांचे कार्ड खिशात असलेला माणूस नियमाच्या अक्षराप्रमाणे अपात्र ठरणार होता. दुसरा प्रश्न याहून खोल होता. मूळ नियमानुसार ऑपरेटर सक्षम आहे याची खात्री करण्याची मालकाची जबाबदारी प्रमाणपत्राची सक्ती लागू होताच संपणार होती. कार्ड हीच पात्रता, असा त्याचा अर्थ झाला. उद्योगातल्या अनेकांनीच त्याला विरोध केला, आणि तो मला पूर्णपणे रास्त वाटतो. परीक्षा मोकळ्या मैदानात, ठरलेल्या वजनावर आणि ठरलेल्या मार्गावर होते. कामावर मात्र वारा असतो, भार आडोशाआड उतरवायचा असतो, आणि क्रेनचे मॉडेल त्या माणसाने कधी हाताळलेलेही नसते.

अंमलबजावणीची तारीख आधी २०१७ पर्यंत आणि मग २०१८ पर्यंत ढकलली गेली. नोव्हेंबर २०१८ च्या अंतिम नियमाने क्षमतेची अट काढली. प्रकारानुसार प्रमाणपत्र पुरेसे ठरले आणि क्षमतेसह दिलेलेही चालेल असे झाले. त्याच वेळी मालकाने प्रत्येक ऑपरेटरचे नेमून दिलेल्या क्रेनवर आणि कामावर स्वतः मूल्यमापन करायचे व त्याची नोंद ठेवायची, हे कायमचे झाले.

म्हणून मालकाला मान्यतेतून जे मिळते ते मर्यादित, पण खरे आहे. स्वतःकडे परीक्षातज्ज्ञ नसताना तो अनोळखी उमेदवाराच्या कार्डावर एक किमान पातळी गृहीत धरू शकतो. अपघातानंतर चौकशी झाली तर ‘हे कार्ड कुणी दिले’ याला तपासता येणारे उत्तर असते. ‘हा माणूस या कामाला योग्य होता का’ याचे उत्तर मात्र मालकाने स्वतः केलेल्या मूल्यमापनातच शोधावे लागते.

घोटाळा बहुतेकदा व्याप्तीत होतो. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, तिच्या ठरावीक कार्यक्रमांना मिळते. समजा, एका संस्थेच्या मोबाइल क्रेनच्या परीक्षेला मान्यता आहे आणि टॉवर क्रेनची परीक्षा तिने नंतर सुरू केली. दोन्ही कार्डांवर नाव तेच आणि रंगही तोच. उमेदवार टॉवर क्रेनचे कार्ड दाखवतो, मालक संस्थेचे नाव ओळखतो आणि माणूस कामावर घेतो. अशा वेळी मान्यता देणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेली व्याप्तीची यादी उघडावी. त्यात टॉवर क्रेनचा कार्यक्रम आहे का, मान्यतेची मुदत चालू आहे का आणि कार्ड दिले त्या दिवशी ती लागू होती का, हे काही मिनिटांत कळते. कार्डाचा क्रमांक मात्र मान्यता देणाऱ्याकडे मिळणार नाही. तो परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडेच पडताळावा लागतो.