बाराशे मुलांचे तीनशे कसे होतात?

घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणाचा लेख नियतकालिकाकडे पाठवताना "एकूण 1200 मुलांची माहिती घेतली" हे वाक्य मोठ्या अभिमानाने लिहिले जाते आणि वाचकही त्याच आकड्यावरून निष्कर्षाची विश्वासार्हता ठरवतो. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

समजा, एका प्रदेशातील 20 टक्के मुले शहरात आणि 80 टक्के ग्रामीण भागात राहतात. शहराचे आकडे स्वतंत्रपणे मांडता यावेत म्हणून दोन्ही भागांतून सारखीच, म्हणजे प्रत्येकी 600 मुले निवडली. त्यासाठी प्रत्येक भागात 30 वस्त्या आणि दर वस्तीत 20 मुले घेतली. शहरात 90 टक्के, तर ग्रामीण भागात 60 टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले. सरळ सरासरी काढली तर 75 टक्के येतात. पण नमुन्यात निम्मी मुले शहरी आहेत आणि प्रत्यक्षात ती एक पंचमांशच आहेत. म्हणून शहरी मुलाला 0.4 आणि ग्रामीण मुलाला 1.6 असा भारांक द्यावा लागतो. भारांक म्हणजे निवड होण्याच्या शक्यतेचा व्यस्तांक. येथे तो अशा पटीत लहान केला आहे की सर्वांची सरासरी 1 यावी. भारांक लावल्यावर उत्तर 66 टक्के येते.

येथपर्यंतचा भाग बहुतेक लेखक व्यवस्थित करतात. त्यापुढचा मात्र अनेकदा राहून जातो, आणि मला तोच सर्वांत सुंदर वाटतो.

एका वस्तीतील वीस मुले ही वीस स्वतंत्र साक्षीदार नसतात. त्यांच्याकडे येणारी आरोग्यसेविका एकच असते, लसीकरणाच्या जागेचे अंतर सारखे असते, आणि लशीबद्दलची एखादी अफवाही सगळ्या घरांत एकाच वेळी पोहोचते. त्यामुळे पहिल्या पाच घरांत लस घेतलेली दिसली की सहाव्या घराचे उत्तर आपण आधीच थोडेसे ओळखलेले असते, म्हणजेच त्या घरातून मिळणारी नवी माहिती कमी असते. हे साम्य मोजणाऱ्या गुणांकाला ρ म्हणू. नमुन्याच्या रचनेमुळे उत्तराची अस्थिरता किती पट वाढते हे सांगणारा, संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या नावाशी जोडला गेलेला डिझाइन इफेक्ट साधारणपणे असा निघतो:

```
deff = 1 + (m - 1) * ρ
```

येथे m म्हणजे दर वस्तीतील मुले. ρ शून्य असेल तर डिझाइन इफेक्ट 1 येतो आणि काहीच नुकसान होत नाही. ρ हा 1 असेल, म्हणजे वस्तीतील सर्व मुलांचे उत्तर एकच असेल, तर तो 20 येतो आणि 1200 मुलांकडून फक्त 60 मुलांइतकी माहिती मिळते. आपल्या उदाहरणात ρ 0.1 धरला, तर 1 + 19 × 0.1 म्हणजे 2.9 मिळतात. ρ इतका लहान दिसूनही परिणाम जवळपास तिप्पट होतो, कारण तो 19 ने गुणला जातो. त्यात असमान भारांकांमुळे वाढणारी अस्थिरता मिळवली की एकूण डिझाइन इफेक्ट सुमारे 4 होतो. म्हणजे आपली 1200 मुले यदृच्छेने एकेक करून निवडलेल्या सुमारे 300 मुलांइतकीच माहिती देतात.

याचा परिणाम अंतिम आकड्यावर दिसतो. सर्व काही दुर्लक्षून काढलेले 95 टक्के विश्वास अंतराल 72.5 ते 77.5 येते, तर रचना लक्षात घेऊन काढलेले सुमारे 60.5 ते 71.5 येते. दोन्ही अंतराले एकमेकांना स्पर्शही करत नाहीत! चार दशांश स्थळांपर्यंत नेलेल्या पी-मूल्याने दिपून जाणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

आर या संगणकीय भाषेत survey हे पॅकेज जोडल्यावर हे काम दोन ओळींत होते:

```
d <- svydesign(ids = ~vasti, strata = ~bhag, weights = ~bhar, data = mule, nest = TRUE)
svymean(~las, d, deff = "replace")
```

येथे एक खाच आहे. भारांकांची बेरीज नमुन्याच्या आकाराइतकी करून घेतलेली असेल आणि `deff = TRUE` असे लिहिले, तर डिझाइन इफेक्ट चुकीचा येतो, कारण ती पद्धत भारांकांच्या बेरजेला लोकसंख्या समजते. दुसरी चूक अधिक नकळत होते. केवळ मुलींचे आकडे हवेत म्हणून मुलग्यांच्या ओळी आधीच खोडून टाकल्या, तर ज्या वस्तीत एकही पात्र मुलगी नव्हती ती वस्ती रचनेतूनच नाहीशी होते आणि प्रमाण त्रुटी बिघडू शकते. म्हणून रचना आधी सांगावी आणि उपगट `subset(d, ...)` ने त्यानंतर निवडावा.

लेखाच्या पद्धती विभागात स्तर कोणते, प्रत्येक स्तरात किती वस्त्या, घरे कशी निवडली, किती घरांनी प्रतिसाद दिला आणि त्यासाठी भारांक कसा सुधारला, हे स्पष्ट लिहावे. तक्त्यात मोजलेल्या मुलांची संख्या भारांकाविना आणि टक्केवारी भारांकासह द्यावी, आणि तसे तळटीपेत सांगावे. नाही तर 900 भागिले 1200 करून पाहणारा समीक्षक 66 टक्क्यांवर बोट ठेवतो. डिझाइन इफेक्ट प्रत्येक प्रमुख निर्देशकासाठी वेगळा द्यावा, कारण लसीकरणात तो 4 असला तरी ज्या बाबतीत शेजारी एकमेकांसारखे नसतात तेथे तो 1 च्या जवळ असू शकतो. 30 वस्त्या आणि दर वस्तीत 7 मुले ही लसीकरण सर्वेक्षणाची जुनी पद्धत डिझाइन इफेक्ट 2 धरून बेतलेली होती. तुमच्या आराखड्यातही 2 धरला असेल आणि प्रत्यक्षात 4 निघाला असेल, तर अंतराल ठरवल्यापेक्षा सुमारे 1.4 पट रुंद का आले, हे मर्यादा विभागात एका वाक्यात लिहावे.