संभाव्यतेवरून सौद्याचा आकार ठरवणे

क्लासिफायरने वर्तवलेल्या संभाव्यतेवरून सौद्याचा आकार ठरवणे म्हणजे, भाव आधी टार्गेटला लागेल की स्टॉप लॉसला, याबद्दल मॉडेलने दिलेल्या आकड्यावरून त्या सौद्यात भांडवलाचा किती हिस्सा जोखमीत घालायचा हे काढणे. मॉडेलचा आकडा जसाच्या तसा न घेता आधी आकसून घेतात आणि शेवटी येणाऱ्या हिश्श्यावर कमाल मर्यादा लावतात. याचे कारण असे की क्लासिफायर बहुधा फाजील आत्मविश्वासू असतात, आणि दिशा बरोबर असतानाही केवळ आकार चुकल्यामुळे भांडवल संपू शकते.

या हिशेबाचा पाया बेल लॅब्जमधील जॉन केली यांनी 1956 साली मांडलेले सूत्र हा आहे. टार्गेट आणि स्टॉप भावापासून सारख्याच अंतरावर असतील आणि जिंकण्याची संभाव्यता p असेल, तर भांडवल दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढवणारा हिस्सा 2p − 1 इतका येतो. म्हणजे मॉडेल 0.70 म्हणत असेल, तर भांडवलाचा 40 टक्के भाग पणाला लावायचा. सूत्रात खोट नाही, पण ते खरी संभाव्यता हातात आहे असे धरून चालते. मॉडेल देते तो केवळ तिचा अंदाज असतो.

समजा, मॉडेलने 0.70 दिलेल्या सौद्यांपैकी प्रत्यक्षात 56 टक्केच जिंकतात. तरीही हे मॉडेल उपयोगाचे आहे, कारण प्रत्येक सौद्याची सरासरी नफ्यातच आहे. पण दर वेळी 40 टक्के लावून 100 सौदे केले आणि त्यांतले बरोबर 56 जिंकले, तर सुरुवातीच्या 100 भांडवलाचे सुमारे 2.6 उरतात. याच सौद्यांत दर वेळी 12 टक्के, म्हणजे 0.56 ला योग्य असा हिस्सा लावला असता तर 206 झाले असते, आणि त्याच्या निम्मे म्हणजे 6 टक्के लावले असते तर 172. सौदे तेच आणि जिंकलेल्यांची संख्याही तीच, फरक फक्त आकाराचा. योग्य हिश्श्याच्या साधारण दुपटीवर वाढीचा दर शून्यावर येतो आणि त्यापुढे तो उणे होतो. याउलट, निम्माच हिस्सा लावला तरी वाढीच्या दराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हाती राहतो. आकाराबद्दल शंका असेल तेव्हा खालच्या बाजूला झुकावे, ते याच असमतोलामुळे.

आकुंचनाची सर्वांत सोपी रीत लॉग-ऑड्सवर चालते. मॉडेलच्या संभाव्यतेचे लॉग-ऑड्स, म्हणजे जिंकण्याच्या आणि हरण्याच्या संभाव्यतांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम, घेऊन त्यांचे मूळ दराच्या लॉग-ऑड्सपासूनचे अंतर 0 ते 1 मधल्या एका गुणकाने कमी करतात आणि पुन्हा संभाव्यतेत आणतात. मूळ दर म्हणजे कोणताही संकेत न पाहता जेवढे सौदे जिंकतात ते प्रमाण. इथे नेहमी 0.5 कडे आकसणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. टार्गेट स्टॉपच्या दुप्पट अंतरावर असेल तर मूळ दर एक तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि तिथे 0.5 कडे आकसले की दुबळे संकेत उलट फुगतात. प्रशिक्षणाच्या वेळी दोन्ही वर्गांची संख्या कृत्रिमरीत्या सारखी केली असेल तर हीच गडबड आणखी वाढते, कारण मॉडेलचा 0.5 हा बाजारातला 0.5 राहत नाही. ती भरपाई आकुंचनाच्या आधी करावी लागते.

गुणक मनाने ठरवायचा नसतो. मॉडेलने प्रशिक्षणात न पाहिलेल्या, नंतरच्या काळातल्या सौद्यांवर लॉजिस्टिक रिग्रेशन बसवून त्याचा उतार हाच गुणक म्हणून घेतात. सौद्यांचे कालावधी एकमेकांवर चढलेले असतील तर प्रशिक्षण आणि तपासणी यांच्या सीमेवरचे सौदे गाळतात, नाहीतर उतार खोटा चांगला दिसतो. मूळ दर 0.5 आणि उतार 0.3 आला, तर 0.70 चे 0.56 होते आणि 0.60 चे 0.53.

खर्च धरला की चित्र आणखी बदलते. दलाली आणि भावातली घसरण मिळून जोखमीच्या 5 टक्के जात असतील, तर 1 च्या जोखमीवर जिंकल्यास 0.95 मिळतात आणि हरल्यास 1.05 जातात. ना नफा ना तोट्याची संभाव्यता 0.525 होते, आणि 0.53 चा पूर्ण हिस्सा 6 टक्क्यांवरून जेमतेम 1 टक्क्यावर येतो. p हा मॉडेलचा आकडा, base हा मूळ दर, k हा गुणक आणि win व loss म्हणजे 1 च्या जोखमीवर जिंकल्यास मिळणारी व हरल्यास जाणारी रक्कम धरली, तर सारा हिशेब एवढाच आहे:

```
L  = log(p/(1-p))
L0 = log(base/(1-base))
p2 = 1/(1+exp(-(L0 + k*(L-L0))))
f  = p2/loss - (1-p2)/win
risk = min(max(0.5*f, 0), 0.02)
```

शेवटच्या ओळीतला 0.5 हा निम्मा हिस्सा. उतार हाही एक अंदाजच असतो. मॉडेलने सारखीच संभाव्यता दिलेल्या एका गटात 200 सौदे असतील, तर 0.56 या प्रमाणाची प्रमाण त्रुटी सुमारे 0.035 असते. म्हणजे खरी संभाव्यता 0.525 असणेही सहज शक्य आहे, आणि खर्च धरता तिथे काहीच लावायला नको.

0.02 ही कमाल मर्यादा आकुंचनाला न सापडणाऱ्या दोन गोष्टींसाठी लागते. पहिली म्हणजे टोकाचे आकडे. मॉडेलने 0.95 दिला तर आकसूनही 0.71 उरते, पण असे सौदे इतके विरळ असतात की तिथे उतार तोच आहे याला पुरावा नसतो. अनेकदा तो आकडा मॉडेलने पूर्वी न पाहिलेल्या परिस्थितीतून आलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे भावातली गॅप. सूत्रातला हिस्सा म्हणजे स्टॉप लागल्यास जाणारी रक्कम, सौद्याची एकूण किंमत नव्हे. स्टॉप 2 टक्के अंतरावर असताना 12 टक्के जोखीम घ्यायची तर भांडवलाच्या सहापट सौदा करावा लागतो. भाव स्टॉप ओलांडून थेट 10 टक्के खाली उघडला तर 60 टक्के भांडवल एका झटक्यात जाते. 2 टक्क्यांच्या मर्यादेत सौदा भांडवलाएवढाच राहतो आणि तोच धक्का 10 टक्क्यांवर थांबतो. म्हणून मर्यादा गॅपच्या वाईटात वाईट कल्पनेवरून ठरवावी. बॅकटेस्टमधून निवडली तर ती ढिलीच निघण्याचा धोका असतो, कारण तपासलेल्या काळात तसा धक्का आलेलाच नसेल.

एकाच वेळी पाच सौद्यांचे संकेत आले आणि पाचही एकाच कारणाने हलणारे असतील, तर तो खरा एकच मोठा सौदा असतो. प्रत्येकाला मर्यादा असूनही एकूण जोखीम 10 टक्के होते, त्यामुळे गटालाही वेगळी मर्यादा लावतात.

व्यवस्था बिघडत आहे हे नफ्याआधी इतर आकड्यांत दिसते. सौदे संभाव्यतेप्रमाणे गटांत विभागून प्रत्येक गटातले जिंकलेल्यांचे प्रमाण मांडले, की वरचे गट खालच्यांपेक्षा खरोखर जास्त जिंकतात का ते कळते. तसे नसेल तर आकुंचनाने काही साधत नाही, कारण ते क्रम बदलत नाही. उतार पुन्हा बसवताना दर खेपेला घसरत असेल तर मॉडेल शिळे होत आहे. बहुतेक सौदे मर्यादेलाच टेकत असतील तर आकारात संभाव्यतेची माहिती उरलेलीच नाही. अशा वेळी हेच सौदे सरसकट सारख्या आकाराने केले असते तर काय झाले असते, याची तुलना करतात, आणि त्यात फरक दिसला नाही तर सारखा आकारच ठेवतात.