रजा, सुट्टी आणि ‘पर्यंत’ : दोन भाषांतल्या रजेच्या फॉर्ममागची गोष्ट

नागपुरात कोणत्याही ऑफिसात जा, बोलताना कुणी ‘अर्जित रजा’ म्हणत नाही. ‘दोन सीएल टाकल्या’, ‘ईएल शिल्लक आहे का’, ‘भाऊ मेडिकलवर आहेत’ असंच चालतं. आणि ते ठीकच आहे, बोलण्यात अडत नाही. अडतं ते फॉर्म छापताना, एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी असते तेव्हा. मागच्या वर्षी सरकारी रजा नियम लागू असलेल्या इथल्या एका ऑफिससाठी असा फॉर्म बसवायचं काम माझ्याकडे आलं, त्यांचा जुना फॉर्म हातात घेतला आणि लक्षात आलं की मराठी बाजूचे शब्द तीन वेगवेगळ्या काळांतून आलेत. कुठे फारसी, कुठे हिंदी, कुठे संस्कृत, आणि सगळे एकाच पानावर. ते तिथे कसे आले हे कळल्याशिवाय कोणता ठेवायचा हे ठरत नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात ‘रजा’पासूनच करावी लागते. हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आला, मूळ अर्थ संमती, राजीखुशी. जुन्या मराठीत रजा घेणं म्हणजे निघायची परवानगी घेणं, ‘आता रजा घेतो’ हे आपण अजूनही म्हणतो ते त्याच अर्थाने. म्हणून ऑफिसातली रजा मागावी लागते, कुणीतरी मंजूर करावी लागते. सुट्टी मात्र मागायची नसते. ती ‘सुटणे’मधून आलेली, दिवाळीची सुट्टी, रविवारची सुट्टी, ऑफिसच बंद असतं आणि सगळ्यांना असते. मराठीत हा फरक शब्दातच आहे. इंग्रजीतही लीव्ह आणि हॉलिडे वेगळे आहेत. हिंदीत मात्र ‘छुट्टी’ दोन्हीला चालते, ‘अर्जित छुट्टी’ही आणि ‘रविवार की छुट्टी’ही.

आता नागपूरचं बघा. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी, आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि शेवटी जुन्या मध्य प्रदेशची. म्हणजे एकाच सचिवालयात जबलपूरकडचा हिंदी बोलणारा आणि नागपूर-वऱ्हाडचा मराठी बोलणारा असे दोघं शेजारी बसायचे. स्वातंत्र्याच्या सुमारास कोशकार डॉ. रघुवीर नागपुरात बसूनच इंग्रजी कारभारी शब्दांना संस्कृत धातूंवरून पर्याय घडवत होते, हिंदी आणि मराठी दोघांनाही चालावेत म्हणून. मग १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षी ६ जुलैला भाषा संचालनालय सुरू झालं. तिथून आलेली परिभाषा ही आजची शासकीय मराठी. पण केंद्राची ऑफिसं नागपुरात होती तशीच राहिली, त्यांचे फॉर्म हिंदी-इंग्रजी. त्यामुळे इथला माणूस एकाच घरात दोन्ही फॉर्म बघतो, नवरा रेल्वेत आणि बायको जिल्हा परिषदेत असेल तर एकाची ‘आकस्मिक छुट्टी’ आणि दुसरीची ‘नैमित्तिक रजा’, चीज एकच, बोलण्यातली सीएल.

एकच, पण शब्दाचा अर्थ एक नाही. आकस्मिक म्हणजे अचानक. नैमित्तिक म्हणजे काही निमित्ताने, नित्य नसलेली. आमच्या जुन्या फॉर्मवर ‘आकस्मिक रजा’ छापलं होतं, अर्धं हिंदी अर्धं मराठी, आणि मला सांगितलेला किस्सा असा की एकाने पुतणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस आधी अर्ज दिला तर वरून शेरा आला, यात आकस्मिक काय? त्याची चूक नव्हती. नियमात ही रजा अचानकच असली पाहिजे असं कुठेही नाही, शब्दाने तसं वाटायला लावलं. त्याआधीच्या काळात ‘किरकोळ रजा’ म्हणायचे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे, तेही वाईट नाही, पण राज्याच्या आदेशांत नैमित्तिक आहे तर तोच ठेवावा.

खरा घोळ त्यापुढे आहे. राज्याचे सध्याचे रजा नियम १९८१ चे, १५ ऑगस्टपासून लागू झालेले. त्यात कर्मचाऱ्याची दोन खाती चालतात असं समजा. एक अर्जित रजेचं, म्हणजे ईएलचं, वर्षाला ३० दिवस, जानेवारी आणि जुलैच्या एक तारखेला पंधरा-पंधरा जमा होतात. दुसरं अर्धवेतनी रजेचं, वर्षाला २०. आजारी माणसाला अर्धा पगार परवडत नाही म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊन ही अर्धवेतनी रजा पूर्ण पगाराच्या रजेत बदलून घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस कटतात. सहा दिवस घेतल्या तर बारा गेल्या. ही ती परिवर्तित रजा. कितीतरी फॉर्मवर तिला ‘परावर्तित’ छापतात, शासकीय कागदांतसुद्धा सापडतं. पण परावर्तित म्हणजे आरशावरून परत फिरलेला प्रकाश, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. इथे काही परत फिरत नाही, बदलतं. म्हणून परिवर्तित.

आमच्या जुन्या फॉर्मवर यातलं काहीच नव्हतं, नुसतं ‘वैद्यकीय रजा’ लिहून चौकट. वाचायला सोपं, पण वैद्यकीय हे कारण आहे, खातं नाही. सर्टिफिकेट जोडून माणूस अर्जित रजाही घेऊ शकतो, अर्धवेतनीही आणि परिवर्तितही. चौकटीत टिक केली की कोणत्या खात्यातून कापायचं हे क्लार्क आपल्या मनाने ठरवणार, आणि अर्धवेतनी धरलं तर महिन्याच्या शेवटी पगार कमी आल्यावर माणसाला कळणार. म्हणून मी ती चौकट काढली, रजेचा प्रकार एका ओळीत आणि ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे / नाही’ वेगळ्या ओळीत.

अजून एक फसवा शब्द म्हणजे ‘अनर्जित रजा’. अर्जितच्या उलट वाटतो, म्हणजे अर्जित संपली की ही, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, ही अर्धवेतनी खात्यावरची उचल आहे, पुढे जमा होणाऱ्या अर्धवेतनी रजेतून फेडायची. शब्द बदलायचा अधिकार मला नव्हता, नियमातला आहे, म्हणून खाली बारीक अक्षरांत ‘पुढील अर्धवेतनी रजेतून वजा होईल’ एवढं टाकलं. आणि ‘हक्काची रजा’ हा शब्द, कारखान्यांत आणि कंपन्यांत खूप चालतो, तो मी मुद्दाम घेतला नाही, कारण या नियमांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे सरळ लिहिलंय, फॉर्मने नियमाच्या उलट बोलू नये.

आता तारखा. इथे मराठीची स्वतःची एक सवय आडवी येते. आपण ‘आठ दिवसांनी येतो’ म्हणतो तेव्हा या सोमवारी निघून पुढच्या सोमवारी येतो, म्हणजे सात दिवस, दोन्ही टोकं धरून आठ. पंधरा दिवसांचंही तसंच. दुसरं म्हणजे ‘पर्यंत’. ‘सोमवारपर्यंत येतो’ म्हणजे सोमवारी ऑफिसात हजर, की सोमवारही रजेतच? घरी कुणी विचारत नाही, पण रजेच्या हिशोबात अख्खा दिवस इकडचा तिकडे होतो.

एका अर्जाचं उदाहरण देतो, नाव-महिना सोडून. माणूस शुक्रवारी ८ तारखेला संध्याकाळच्या गाडीने गावी जाणार, सोमवार ११ ते शुक्रवार १५ रजा, सोमवारी १८ ला हजर. शनिवार-रविवार ऑफिस बंद. त्याने जुन्या फॉर्मवर लिहिलं : पासून ९, पर्यंत १७, एकूण दिवस ८. त्याच्या डोक्यात बरोबर होतं, तो ९ ते १७ गावी होता आणि ‘आठ दिवस’ ही त्याची बोली होती. पण अर्जित रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्या रजेतच मोजतात, आणि फॉर्मवरून रजाच ९ ते १७ दिसते, म्हणजे ९ दिवस कटले. खरं तर रजा पाच दिवसांची. आधीचे ९-१० आणि नंतरचे १६-१७ या सुट्ट्या, त्या रजेला फक्त जोडायच्या असतात, त्याला परवानगी लागते पण खात्यातून काही जात नाही. चार दिवस फुकट गेले ते फॉर्मवर सुट्टी आणि रजा लिहायला एकच रकाना होता म्हणून. हिंदी ‘छुट्टी’च्या सवयीने बनवलेला रकाना असावा असं माझं मत, कारण मराठी डोक्याने बनवला असता तर दोन शब्दांना दोन जागा आपोआप आल्या असत्या.

जोडसुट्टीच्या रकान्यावर आधी मी स्वतः ‘रजेच्या मागे / पुढे जोडलेली सुट्टी’ लिहिलं होतं. तिघांना भरायला दिलं, तिघांपैकी दोघांनी ‘मागे’मध्ये १६-१७ टाकलं, शेपूट मागे असतं तसं, आणि एकाने ९-१०, मागचा शनिवार म्हणून. दोन्ही अर्थ मराठीत बरोबर, शब्दच दुतोंडी. मग ‘रजेच्या आधीची सुट्टी’ आणि ‘रजेच्या नंतरची सुट्टी’ केलं, त्यानंतर कुणी चुकलं नाही.

शेवटी मराठी बाजूला तारखेच्या ओळी अशा झाल्या : ‘रजेचा पहिला दिवस’, ‘रजेचा शेवटचा दिवस’, ‘एकूण दिवस (दोन्ही दिवस धरून)’, दोन्हीकडच्या सुट्ट्या, ‘कामावर रुजू होण्याचा दिनांक’ आणि ‘मुख्यालय सोडण्याचा दिनांक’, ती ८ तारीख या शेवटच्या ओळीत बसते. इंग्रजी बाजूला फ्रॉम आणि टू तसंच आहे, शब्दाला शब्द जुळत नाही म्हणून एका साहेबांनी हरकत घेतली, पण दोन्हीकडून भरलेला अर्ज एकच आकडा देतो की नाही हे त्यांना वरच्याच उदाहरणावर करून दाखवलं तेव्हा पटलं. दिनांक की तारीख हा वाद मी घातला नाही. छापील जागी दिनांक, बोलताना तारीख, दोन्ही सगळ्यांना कळतात.

आकड्यांचं एक राहिलं. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमानुसार केंद्राच्या कामात आंतरराष्ट्रीय अंक, राज्याच्या मराठी कामात मात्र देवनागरी अंक. एकाच फॉर्मवर दोन्ही चालू ठेवले की हाताने लिहिलेला आपला ४ इंग्रजी आठसारखा वाचला जातो, आणि घाईत काढलेला १ आपल्याच ९ सारखा. म्हणून तारखेपुढे वार लिहायची छोटी जागा ठेवली, ११ वाचलं की १९ हे वारावरून लगेच कळतं. अर्ध्या दिवसासाठी ‘म.पू. / म.नं.’ होतं, मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हानंतर, तरुण मुलांना ते कळतच नव्हतं, एकीने म.नं. म्हणजे मंजूर नंबर समजून तिथे आवक क्रमांक टाकला होता. तिथे आता ‘जेवणाच्या सुट्टीआधी / जेवणाच्या सुट्टीनंतर’ छापलंय.