स्कुटारीचे मृत्यू कशाने घटले?

"नाइटिंगेलबाई पोहोचल्या आणि स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातले मृत्यू लगेच घटले, खरं ना?"

नाही. क्रिमियन युद्धात परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल ४ नोव्हेंबर १८५४ ला इस्तंबूलजवळच्या या ब्रिटिश रुग्णालयात पोहोचल्या. दहा दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्या सांगतात, बिछान्यांची रांग चार मैल भरेल, मधे अठरा इंचही जागा नाही. त्यांनी फरशा घासून घेतल्या, कपडे धुवायची सोय लावली, जेवण सुधारलं. तरी मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारीत शंभरातले बेचाळीस दगावले, बहुतेक जखमांनी नव्हे, तापाने आणि हगवणीने. कारण इमारतीखाली होतं: तुंबलेली गटारं. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने ती उपसली, भिंतींना चुना दिला. पाण्याच्या पाटात तर मेलेला घोडा सापडला! त्यानंतर मृत्यू झपाट्याने उतरले. पुढे आकडेवारी तपासून हे कारण बाईंनी स्वतःच ठामपणे मांडलं.