सपाट पाय, महाग शूज आणि नडगीतले खड्डे

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की आमच्या सोसायटीत चार-पाच नवे रनर उगवतात आणि फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातले दोघं तरी नडगी चोळत बसलेले असतात. यंदा माझा मेहुणा. दुकानात त्याला ट्रेडमिलवर पळवलं, व्हिडिओ दाखवला, "सर, पाय फ्लॅट आहेत, घोटा आत कलतोय" म्हणत आतल्या बाजूने कडक असलेले महागडे शूज गळ्यात मारले. हा रोज ३ किलोमीटर पळाला, तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकायला लागली आणि आता सगळा दोष शूजना.

मला तर घाईच दिसते. नडगीचं हाड आपल्याला दगडासारखं वाटतं पण प्रत्येक पावलाला ते किंचित वाकतं. त्या ताणाने हाडाला निरोप जातो की बाबा, इथे मजबुती कर. आता गंमत बघा, हाड आधी स्वतःला पोखरतं! एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडून बारीक खड्डे करतात, त्याला साधारण ३ आठवडे लागतात, मग दुसऱ्या पेशी ते खड्डे भरतात आणि भरून पक्कं व्हायला महिने जातात. म्हणजे रस्ता खणून ठेवलाय, डांबर यायचंय आणि आपण वरून रोज ट्रक नेतोय. दम वाढलेला असतो म्हणून आपण अंतर वाढवतो, हाड मात्र नेमकं तेव्हाच कच्चं असतं.

सपाट पायाने धोका थोडा वाढतो हे खरंय, कारण पाय जास्त आत कलला की पोटरीचे स्नायू नडगीच्या आतल्या कडेला जास्त ओढतात. पण अमेरिकन सैन्यात नव्या भरतीवर प्रयोग झाले, काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे शूज, बाकी सगळ्यांना एकच प्रकार. दुखापतीत जवळपास फरक नाही.

आधी चवड्यांवर उभं राहून बघा. कमान उमटली तर पाय लवचिक आहे, पळायला सहसा अडचण नाही. उमटलीच नाही किंवा दुखलं तर ऑर्थोपेडिककडे जा. शूज संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच घट्ट हवी आणि दुकानातच पळून बघायचं, पहिल्या मिनिटाला टोचलं तर नंतर सैल होईल या आशेवर घेऊ नका.

मेहुण्याला मी आधी दुखणं थांबेपर्यंत नुसतं चालायला लावलं. मग एक दिवसाआड १ मिनिट पळ, २ मिनिटं चाल, असं दहा वेळा, पावलं छोटी आणि भरभर.

त्याचं दुखणं नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेलं होतं, तसं असेल तर एवढं बहुतेक पुरतं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल तर हाडाला चीर असू शकते, तेव्हा पळणं लगेच बंद करून डॉक्टर गाठा, आणि पहिला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून परत पळायला लागू नका, कारण सुरुवातीला ती चीर त्यात बऱ्याचदा दिसतच नाही.