लष्करच्या पटियांपासून ‘दोन’च्या रेषेपर्यंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली जुनी घरं पाडली जातात तेव्हा छतातून वाळूदगडाच्या लांब पटिया उतरवल्या जातात. एक टोक या भिंतीवर, दुसरं समोरच्या भिंतीवर किंवा मधल्या गर्डरवर. बाजूच्या पटियेशी तिचा संबंध फक्त चुन्याच्या सांध्यापुरता. अंगावरचं ओझं ती दोनच टोकांना पोचवते, कडेच्या पटियेला त्यातलं काही देत नाही. खोली चौकोनी असो की लांबुळकी, पटियांचं छत एकाच दिशेनं काम करतं. वन-वे स्लॅब म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागू नये.

तरीही गोंधळ होतो, आणि तो काँक्रीट आल्यावर सुरू झाला. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये सळ्या दोन्ही दिशांना बांधतात. इथले मिस्त्री छताला लेंटर आणि सळ्यांच्या बांधणीला जाल म्हणतात. जाल दोन्हीकडून विणलेलं दिसतं, म्हणून घरमालकाला प्रत्येक लेंटर टू-वे, म्हणजे दोन्ही दिशांना भार नेणारं, वाटतं. खरं तर वन-वे स्लॅबमध्येही आडव्या सळ्या लागतात. काँक्रीट आकसताना आणि तापताना पडणाऱ्या भेगा त्या आवरतात आणि मुख्य सळ्या जागेवर धरतात. त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. या शब्दानंही थोडी फसगत केली, कारण त्यावरून वाटतं की भार वाटण्याचं काम त्यांच्याकडेच आहे. दिशा ठरते ती स्लॅब कुठे टेकला आहे यावरून आणि त्याच्या बाजूंच्या मापावरून.

सळई घातलेलं काँक्रीट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात रुळलं. तेव्हा हिशेब करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी वासे आणि लोखंडी गर्डरच होते, त्यामुळे स्लॅबकडेही शेजारी शेजारी ठेवलेल्या पट्ट्या म्हणून पाहिलं गेलं. चारही बाजूंना टेकलेल्या स्लॅबचं उत्तर मात्र एका साध्या विचारातून निघालं. त्याला एका स्कॉटिश आणि एका जर्मन अभ्यासकाचं जोडनाव आजही चिकटलेलं आहे. स्लॅबच्या मधोमध एक पट्टी आखूड बाजूनं आणि एक लांब बाजूनं कल्पा. दोघी एकाच बिंदूवर एकमेकींना छेदतात, म्हणजे तिथे दोघी सारख्याच वाकायला हव्यात. पट्टीचं वाकणं लांबीच्या चौथ्या घातानं वाढतं. तेव्हा लांब पट्टीनं आखूड पट्टीइतकंच वाकायचं असेल, तर तिच्या वाट्याला भार फारच कमी येणार.

बाजू समान असतील तर वाटणी निम्मी-निम्मी. लांब बाजू आखूड बाजूच्या दीडपट असेल तर आखूड दिशेला सुमारे ८४ टक्के. दुप्पट झाली की आखूड दिशेला सोळा हिस्से आणि लांब दिशेला एक, म्हणजे ९४ आणि ६ टक्के. इथे हिशेबनिसांनी रेघ मारली. लांब बाजू आखूड बाजूच्या दुपटीहून जास्त असेल तर वन-वे धरा, दुप्पट किंवा कमी असेल तर टू-वे.

पुढे १९२० च्या दशकात कोपऱ्यांचा विचार आला. चारी बाजूंना टेकलेल्या स्लॅबचे कोपरे भाराखाली वर उचलू पाहतात. वरून भिंतीचं ओझं असेल तर ते दबून राहतात, आणि मग तिथे पिळाच्या भेगा येतात. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधून आलेल्या सिद्धांतानं स्लॅब शेवटी मोडतो कसा, ते दाखवलं. आपल्याकडे काँक्रीट बांधकामाची आय.एस. ४५६ ही संहिता १९५३ मध्ये आली. १९५७, १९६४, १९७८ आणि २००० मध्ये ती सुधारली. १९७८ मध्ये लिमिट स्टेटची, म्हणजे बांधकाम कुठल्या मर्यादेला निकामी होईल ते धरून हिशेब करण्याची पद्धत आली. २००० च्या आवृत्तीत कोपरे धरलेल्या स्लॅबचं कोष्टक २६ आणि कोपरे मोकळे असलेल्याचं कोष्टक २७ आहे. कोष्टक २७ मागे अजून तीच जुनी पट्ट्यांची वाटणी आहे. भार आणि आखूड बाजूचा वर्ग यांना ज्यानं गुणून वाकवणारा जोर काढतात तो गुणक चौरसाला तिथे ०.०६२ आहे, वन-वेच्या ०.१२५ च्या जवळजवळ निम्मा.

आता त्या ‘दोन’च्या रेषेचं भांडण, म्हणजे रेषेजवळचा स्लॅब वन-वे धरायचा की टू-वे. हे जितकं रंगवलं जातं तितकं मोठं नाही, असं माझं मत आहे.

लष्करमधल्या जुन्या घराची एक खोली घ्या. भिंती दीड फूट जाड, आतून माप २.९ मीटर बाय ५.८५ मीटर. पटिया उतरवून १२५ मिलिमीटर जाडीचा एकच स्लॅब चारही भिंतींवर टेकवायचा आहे. आतल्या मापांचं गुणोत्तर २.०२, म्हणजे वन-वे. पण संहितेला आतलं माप नको, परिणामी गाळा हवा, म्हणजे दोन टेकणींमधलं हिशेबात धरायचं अंतर. साध्या टेकणीला तो आतल्या मापात स्लॅबची परिणामी खोली, म्हणजे वरच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर, मिळवून येतो, किंवा टेकणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून. जे कमी असेल ते घ्यायचं. इथे सुमारे १०० मिलिमीटर मिळवले की ३.० आणि ५.९५ मीटर. गुणोत्तर १.९८, म्हणजे टू-वे. तीच खोली, त्याच भिंती, आणि नाव बदललं. अशा नकाशावर दोन जाणकार तासभर वाद घालू शकतात, आणि घालतात.

आकडे काय म्हणतात ते पाहू. स्लॅबचं स्वतःचं वजन, फरशी-गिलावा आणि राहत्या घराचा चालता भार मिळून चौरस मीटरला सुमारे ६.१ किलोन्यूटन. त्याला सुरक्षिततेसाठी दीडनं गुणलं की ९.२. वन-वे धरलं तर आखूड दिशेला दर मीटर रुंदीत वाकवणारा जोर १०.३ किलोन्यूटन-मीटर येतो, टू-वे धरलं तर ९.७. एम-२० काँक्रीट आणि ५०० ग्रेडच्या ८ मिलिमीटर सळ्या घेतल्या तर पहिल्या हिशेबात अंतर सुमारे १९० मिलिमीटर येतं आणि दुसऱ्यात २१०. साडेपाच-सहा मीटरच्या खोलीत फरक तीन सळ्यांचा.

लांब दिशेला पाहिलं की गंमत आहे. ‘सहाच टक्के तर भार आहे, सोडून द्या’ असं म्हणणारे एक विसरतात. भार सहा टक्के असला तरी गाळा दुप्पट आहे, आणि जोर गाळ्याच्या वर्गानं वाढतो. म्हणून लांब दिशेचा जोर आखूड दिशेच्या सहा टक्के नसून जवळजवळ पाव असतो. इथे सुमारे २.५ किलोन्यूटन-मीटर. तो सोडून देण्यासारखा नाही. पण संहिता वन-वे स्लॅबमध्येही आडव्या दिशेला ०.१२ टक्के सळई घालायला लावते. या जाडीत ती मीटरला १५० चौरस मिलिमीटर होते, आणि तिची ताकद साडेपाचच्या वर जाते. म्हणजे नाव वन-वे दिलं तरी टू-वेची गरज त्या किमान सळईतून आपोआप भागते. घरगुती भाराच्या स्लॅबला ‘दोन’ची रेषा निर्धोक आहे ती यामुळे, सहा टक्क्यांमुळे नाही. गोदामासारखा जड भार असेल तर हा आधार पुरत नाही. तिथे रेषेजवळ लांब दिशेचाही हिशेब करावा.

मग खरी चूक कुठे होते? बहुतेक वेळा गुणोत्तर काढण्याच्या आधीच. बाजूंचा भागाकार करण्यापूर्वी स्लॅब किती बाजूंना टेकला आहे ते पाहावं लागतं, आणि हीच पायरी गाळली जाते. चौरस खोली असली तरी छत दोनच समोरासमोरच्या भिंतींवर असेल तर ते वन-वेच. पटियांनी हेच दाखवलं होतं. उलट, सहा मीटर बाय सहा मीटरच्या दालनात मधून एक तुळई काढली तर स्लॅबचं पॅनेल अख्ख्या दालनाएवढं राहत नाही. तुळईच्या दोन्ही अंगांना तीन बाय सहाची दोन पॅनेलं होतात आणि हिशेब त्यांचा करायचा असतो.

सगळ्यात वाईट प्रकार भिंत नंतर काढण्याचा. एका घरात पुढच्या ३.० बाय ३.६ मीटरच्या खोलीचं दुकान करायचं म्हणून रस्त्याकडची ३.६ मीटरची भिंत पाडली आणि वर तुळई घातली नाही. गुणोत्तर १.२, स्लॅब टू-वे म्हणून बांधलेला. कोष्टक २७ प्रमाणे लांब दिशेचा गुणक ०.०५९, आणि तो आखूड बाजूच्या वर्गाला लागतो, त्यामुळे त्या दिशेच्या सळ्या बेताच्याच. भिंत गेल्यावर मोकळ्या कडेजवळच्या पट्टीला मागे आधार उरला तरी पुढे उरला नाही. तिला आता ३.६ मीटरचा गाळा जवळजवळ एकटीनं पेलायचा, तोही त्याच बेताच्या सळ्यांवर. तिथे जोर मूळ हिशेबाच्या अडीच-तीनपट होतो. खोलीच्या बाजू बदलल्या नव्हत्या, गुणोत्तर अजूनही १.२ होतं, आणि तरी हिशेब कोसळला होता.

हे ओळखायची खूण छताच्या पोटात असते. चारी बाजूंना नीट टेकलेला टू-वे स्लॅब ताणला गेला की भेगा कोपऱ्यांकडून तिरक्या आत येतात आणि मध्ये एका रेघेनं जुळतात, बंद लिफाफ्याच्या पाठीसारख्या. वन-वे स्लॅबची भेग टेकणीच्या भिंतींना समांतर, मधोमध. वर सांगितलेल्या दुकानात भेग मोकळ्या कडेपासून निघून, तिच्याशी काटकोनात आत गेली होती. शाबासकी त्या मिस्त्रीची, ज्यानं गिलावा भरून झाकायला नकार दिला आणि आधी टेकू लावले.

बांधकामाच्या दिवशी पाहायची एकच गोष्ट सांगतो, कारण तीही याच मुद्द्यातून येते. सळ्यांच्या दोन थरांपैकी आखूड दिशेच्या सळ्या खाली हव्यात. जोर त्या दिशेला जास्त, म्हणून खोलीही तिलाच जास्त मिळायला हवी. आपल्याकडे मात्र लांब सळ्या आधी पसरून घ्यायची सवय आहे. त्या जास्त ‘मेन’ वाटतात, आणि बांधायलाही सोप्या जातात. वरच्या खोलीत थर उलटले तर आखूड दिशेच्या सळ्यांची परिणामी खोली सुमारे १०० वरून ९२ मिलिमीटरवर येते. तीन सळ्यांसाठी तासभर वाद घालून वाचवलेली ताकद इथे पाच मिनिटांत जाते.